ताळा जुळला म्हणे!

आधी ते ‘एक्सेल बिघडलंय’ हे वाक्य मागे घे. एक्सेल बिघडलेलं नाही, बँकेतल्या बाईंनी खोडीही काढलेली नाही. बिघडलं आहे ते तुझं काम. बस इथे. माझ्या शेजारी नको, समोर बस, म्हणजे पडदा तुलाही दिसेल आणि मागच्या बाकावरच्या या मंडळींनाही. हसू नका रे, तुमच्यातल्या निम्म्यांनी हेच केलेलं असतं. फरक इतकाच की तुमचं अजून बँकेपर्यंत गेलेलं नाही.

टी.टी. नगरातल्या या खोलीत मी अकरा वर्षं शिकवतोय. (टी.टी. म्हणजे तात्या टोपे, हे तरी ठाऊक आहे ना? का तेही मोबाइलला विचारणार?) सीपीसीटी द्यायची म्हणून पोरं येतात. हिंदी टायपिंग झालं, इंग्रजी टायपिंग झालं, बोटं नुसती धावतात. तुझीही धावतात, मी पाहिलंय. बोटं धावतात आणि डोळे मागे राहतात, तिथे माझं तुझ्याशी भांडण आहे.

काय झालं ते मीच सांगतो, कारण तू सांगितलंस त्यात तीन गोष्टी गाळल्यास.

सर्वेक्षणाचं काम करणाऱ्या मुलामुलींच्या मानधनाची यादी. गेल्या महिन्यात तीस जण होते, या महिन्यात बारा नवीन आले, झाले बेचाळीस. रकाने सहा: नाव, समग्र आयडी, बँकेचा खाते क्रमांक, हजेरीचे दिवस, रोजचा दर, रक्कम. दर सगळ्यांना 450. चौथीतला पोरगा करील असा गुणाकार. जुनी फाइल उघडलीस, विसाव्या ओळीखाली बारा ओळी घुसवल्यास आणि 21 ते 32 मध्ये नवी नावं भरलीस. इथवर शाबास.

मग खाते क्रमांक भरायला घेतलेस. पहिल्या माणसाच्या क्रमांकाच्या सुरुवातीला पाच-सहा शून्यं. टाइप केलंस, एंटर दाबलंस, शून्यं गायब. दुसऱ्याचा क्रमांक सोळा आकडी, तर शेवटच्या आकड्याच्या जागी आपोआप शून्य आलं. तू घाबरलास, आणि बरोबर घाबरलास. एक्सेल आकड्याचे पंधराच अंक धरून ठेवतं, सोळाव्याच्या जागी शून्य ठेवतं, आणि आकड्याच्या आधी लावलेल्या शून्याला तर त्याच्या लेखी किंमतच नाही. खाते क्रमांक हा दिसायला आकडा असला तरी ते नाव आहे. त्याची कुणी बेरीज करत नाही. म्हणून त्या रकान्याला Text करणं योग्यच, इतकं योग्य की जगभर शास्त्रज्ञांनाही हा धडा महागात पडलाय. MARCH1 नावाचं जनुक टाइप केलं की एक्सेल त्याची एक मार्च ही तारीख करून टाकायचं. अखेर जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने 2020 मध्ये हात टेकले आणि जनुकाचंच नाव बदलून MARCHF1 केलं. एक्सेलला पोटशूळ, बारसं जनुकाचं. तेव्हा Text केल्याबद्दल मी तुला एक शब्द बोलणार नाही.

बोलणार आहे ते पुढच्याबद्दल. C या एका रकान्याला Text हवं होतं. तू काय केलंस? डावीकडच्या 21 या आकड्यापासून 32 पर्यंत माउस ओढलास, बाराच्या बारा ओळी निळ्या केल्यास आणि सगळ्यांना Text लावून मोकळा झालास. नावाला लावलंस, ठीक. आयडीला लावलंस, चालेल. पण हजेरीला? दराला? रकमेला? एका माणसाला ताप आला म्हणून आळीतल्या सगळ्यांना सुई टोचलीस!

बरं, मग F21 मध्ये जाऊन लिहिलंस:

```
=D21*E21
```

आणि एंटर दाबलंस. आलं काय? 11700 आलं नाही. जे लिहिलं होतंस तेच जसंच्या तसं समोर उभं राहिलं, बरोबरच्या चिन्हासकट, सेलच्या डाव्या कडेला चिकटून. का, ते नीट ऐक, कारण हे तू कुणालाच विचारलं नाहीस.

सेलला तू Text म्हणतोस तेव्हा एक्सेलला तू सांगत असतोस: इथे मी जे लिहीन ते अक्षर आहे, त्याचा अर्थ लावू नकोस. मग पुढे बरोबरचं चिन्ह लिही, नाहीतर रामरक्षा लिही, त्याच्या दृष्टीने सारखंच. ते तुझी आज्ञा पाळतंय. आज्ञाधारक नोकराला मूर्ख म्हणणारा मालक तू.

तू एका मित्राला फोन केलास. त्याने सांगितलं, कंट्रोल आणि ती एकच्या डावीकडची किल्ली दाब. दाबलीस. त्याने तर सबंध पानावरची सूत्रं उघडी पडली, रकाने फुगले. परत दाबलीस, तेव्हा बाकीचं पान जागेवर आलं आणि तुझ्या बारा ओळी तशाच. तिथेच निदान झालं होतं, बाळा! सूत्रं दाखवण्याची ती खूण सगळ्या पानाला लागते, बाराच ओळींना लागत नाही. सगळं पान सूत्रं दाखवत असेल तर ती किल्ली. ठरावीक सेलच दाखवत असतील तर दोष त्या सेलांत. मग त्यातल्या एका सेलवर जाऊन वर Home च्या पट्टीत मधल्या चौकटीत काय लिहिलंय ते वाचायचं. Text लिहिलेलं असेल तर चोर सापडला. तिथे General दिसलं तर बरोबरच्या चिन्हाआधी एखादी मोकळी जागा किंवा एकेरी अवतरण अडकलंय का ते वरच्या सूत्रपट्टीत बघायचं. ते अवतरण लोटसच्या काळापासून चालत आलंय. तेव्हा ते आधी लावलं की मजकूर डावीकडून सुरू व्हायचा. आमची निम्मी नोकरी त्या लोटसवर गेली, पण ते जाऊ दे.

तुला शेवटी चौकटीतलं Text दिसलं, तेवढं श्रेय देतो. तू ते बदलून General केलंस. आणि काहीच झालं नाही. इथे तुझा धीर सुटला. इथेच सगळे घसरतात म्हणून सांगतो: सेलमधलं अक्षर आहे की सूत्र, याचा निवाडा एंटर दाबतानाच होतो. त्या क्षणी सेलवर जी पाटी असेल तिच्याप्रमाणे. नंतर पाटी बदललीस तर पुढे जो माल येईल त्याला नवी पाटी लागू. आत आधीच बसलेला माल आपणहून बदलत नाही. त्याला उठवून पुन्हा बसवावं लागतं. सेलवर जाऊन F2 दाबायचं आणि एंटर. बस. (F2 ही किबोर्डवरची किल्ली, त्या नावाचा सेल नव्हे. हसू नका, गेल्या वर्षी एकाने मला विचारलं होतं.)

याची उलटी बाजूही लक्षात ठेव. चालू असलेल्या सूत्राच्या सेलला नंतर Text लावलंस तर उत्तर लगेच जात नाही. ते दिसत राहतं, दोन महिने दिसतं. मग एक दिवस कुणीतरी त्यात सुधारणा करायला आत शिरतो, एंटर दाबतो आणि उत्तराच्या जागी सूत्र उघडं पडतं. दोष त्या बिचाऱ्याला लागतो, पेरणी आधीच्या शहाण्याने केलेली. आणि Text लावलेल्या सेलकडे बोट दाखवणारं सूत्र, समज `=C21`, साध्या सेलमध्ये लिहिलंस तर तो सेलही गुपचूप Text होऊन बसतो. पहिल्यांदा उत्तर बरोबर देतो. दुसऱ्यांदा हात लावलास की तोंड उघडतो.

असो. तू F2 दाबलं नाहीस. तू काय केलंस, हे तू मला सांगितलं नाहीस, फाइलने सांगितलं. तू Ctrl+Z करून परत Text वर आलास, खिशातून मोबाइल काढलास, कॅल्क्युलेटर उघडलास, आणि 26 गुणिले 450 करून 11700 हा आकडा हाताने टाइप केलास. बारा वेळा! हजारो ओळींचे गुणाकार चुटकीसरशी करणारं यंत्र समोर, आणि हा गृहस्थ मोबाइलवर गुणाकार करून त्याला उत्तरं वाचून दाखवतोय. तीही कुठे? Text च्या सेलात. म्हणजे तो 11700 हा आकडाच नाही. ती पाच अक्षरं आहेत.

एक्सेलने तुला तेव्हाही हाक मारली. त्या सेलांच्या कोपऱ्यात हिरवे त्रिकोण आले. एक लक्षात घे, सूत्र अक्षर होऊन बसलं होतं तेव्हा असला त्रिकोण आला नव्हता, कारण ‘=D21*E21’ हे आकड्यासारखं दिसतच नाही. आकड्यासारखं दिसणारं अक्षर असलं की मग तो त्रिकोण येतो. तू त्यावर टिचकी मारलीस, समोर पहिल्याच फटक्यात Convert to Number लिहून आलं, आणि तू खाली उतरून Ignore Error निवडलंस. का? कारण खाते क्रमांकाच्या रकान्यातही तसेच त्रिकोण होते आणि तिथे त्यांच्याकडे दुर्लक्ष करणं बरोबर होतं. एका रकान्यात बरोबर ठरलेली सवय तू शेजारच्या तीन रकान्यांत नेलीस.

आणि वर कळस म्हणजे यादी ‘सुंदर दिसावी’ म्हणून तू सगळं मधोमध केलंस. अरे, आकडे उजव्या कडेला टेकतात आणि अक्षरं डाव्या कडेला. ही एवढी एक खूण होती. दुरून, चष्म्याशिवाय, नुसत्या नजरेने कळली असती की बारा ओळी भलत्याच भिंतीला उभ्या आहेत. तू ती खूणच पुसलीस.

आता बेरीज. खाली 44 व्या ओळीत गेल्या महिन्यापासून बसलेलं सूत्र. ओळी मध्ये घुसवल्यामुळे ते आपोआप F2 ते F43 पर्यंत लांबलं, ते तू तपासलंस, चांगलं केलंस. बेरीज आली 3,46,950. तू म्हणालास, “सर, मी ताळाही केला होता.” हो, केला होतास. खरं सांगू? हे ऐकून मला राग आला नाही, अंगावर काटा आला. हजेरीच्या रकान्याखाली बेरीज 771. त्याला गुणिले 450 केलंस, आले 3,46,950. जुळलं! म्हणून पत्रावर आकडा लिहिलास, अक्षरी लिहिलास, सही घेतलीस आणि बँकेत नेऊन दिलंस.

जुळलं का, सांग. नाही ना येत सांगता? SUM ला पल्ला दिला की ते त्यातली अक्षरं वगळून पुढे जातं. तक्रार करत नाही, तांबडं होत नाही, काही नाही. तुझ्या बारा ओळींत रक्कम अक्षर होती, तशी हजेरीही अक्षर होती, कारण Text तू सबंध ओळीला लावलं होतंस. म्हणजे तेच बारा जण दोन्ही बेरजांतून गळले. दोन्ही पारड्यांतून तीच वजनं काढलीस, मग काटा मध्येच राहणार. तो ताळा नव्हता. एकाच खोटाड्याची साक्ष तू दोनदा घेतलीस.

हे बघ, इथे रिकाम्या सेलांत दोन ओळी टाइप कर:

```
=D21+D22
=SUM(D21:D22)
```

वर काय आलं? 52. खाली? शून्य. दोन्हीकडे तेच दोन सेल, दोघांचेही 26 दिवस. अधिकचं चिन्ह पाहिलं की एक्सेल अक्षराचा आकडा करून बघतं, जमला तर घेतं. SUM पल्ल्यातल्या अक्षराकडे बघतही नाही. म्हणूनच हे जास्त घातक. तुझा गुणाकार चालला असता, बेरीज चालली नसती. अर्धं बरोबर आलं की माणूस उरलेलं तपासत नाही.

मला कसं कळलं, विचारलंस ना? मी तुझे त्रिकोण बघितले नाहीत, Text बघितलं नाही. मी 771 हा आकडा बघितला आणि माणसं बघितली, बेचाळीस. यादीवरून बोट फिरवलं तर कुणाचीही हजेरी 24 च्या खाली नाही. मग बेचाळीस गुणिले 24 करून बघ. 1,008. कमीत कमी. आणि तू खाली लिहितोस 771! पोह्यांची बशी संपायच्या आत हे दिसलं. बँकेतल्या बाईंनी तर यादी आपल्या यंत्रावर जोडली, त्यांना 4,84,650 आले, पत्रावर 3,46,950. त्यांनी कागद परत केला तो उपकार समज. फरक किती? 1,37,700. नऊ जण 26 दिवसवाले, तीन जण 24 दिवसवाले. तुझ्या बारा ओळींची अगदी हिशेबाने रक्कम. तुझ्या पत्रात ही बारा माणसं नव्हतीच, आणि ती तीन दिवस बँकेचा मेसेज येतो का ते बघत बसली.

आता दुरुस्त कर. मी हात लावणार नाही.

आधी D21 ते E32 निवड. फक्त ते. वर General कर. मी म्हटलं तसं काही होणार नाही, बरोबर? आता त्रिकोण परत येणार नाहीत, तू त्यांची तोंडं बंद केलीस. म्हणून दुसरी वाट. नुसता D21 ते D32 निवड, Data च्या पट्टीत Text to Columns, आणि पहिल्याच खिडकीत Finish. या हत्याराने एका वेळी एकच रकाना होतो, म्हणून E साठी पुन्हा. ते मजकूर उचलतं आणि पुन्हा ठेवतं, म्हणजे एंटरचा निवाडा नव्याने होतो. बघ, खाली 771 चे 1077 झाले.

F ला हे करू नकोस. केलंस तर बेरीज जुळेल, पण तुझे मोबाइलवरचे आकडे तिथेच राहतील, आणि उद्या कुणाची हजेरी बदलली तर रक्कम हलणार नाही. F20 वर जा, ते जुनं आहे, निरोगी आहे. त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला ठिपका धर आणि F32 पर्यंत ओढ. सूत्रही खाली येतं आणि त्याच्याबरोबर General ही येतं. पहिल्या दिवशी हेच केलं असतंस तर आपण आत्ता चहा पीत असतो.

आणि समज, सेलांत तुझे आकडे नसते, ती अक्षर झालेली सूत्रंच असती, आणि बारा नव्हे, बाराशे असती, तर? बाराशे वेळा F2 दाबायला बसू नकोस. ते सेल निवडायचे, आधी General करायचे, मग Ctrl+H, वरच्या चौकटीत = आणि खालच्याही चौकटीत =, आणि Replace All. बरोबरच्या जागी बरोबर. येडेपणा वाटतो, पण प्रत्येक सेल नव्याने लिहिला जातो आणि सूत्रं जागी होतात. General आधी, हे विसरलास तर बदल होतील आणि अक्षरं अक्षरंच राहतील. मग पुन्हा मला येऊन सांगशील की एक्सेल बिघडलंय.

आता एक ओळ लिहून ठेव, यादीच्या बाहेर, इथे H1 मध्ये:

```
=COUNTA(F2:F43)-COUNT(F2:F43)
```

पहिलं मोजतं भरलेले सेल किती. दुसरं मोजतं त्यातले खरे आकडे किती. आत्ता शून्य आलं. सकाळी हेच लिहिलं असतंस तर बारा आलं असतं. असंच D साठीही लिही. हा ताळा. हा माणसं मोजतो. तुझा तो गुणाकाराचा ताळा फक्त गुणाकार तपासत होता.

बेरीज वाच. मोठ्याने. चार लाख चौऱ्याऐंशी हजार सहाशे पन्नास. पुन्हा एकदा वाच, त्या बारांपैकी कुणी दाराबाहेर उभं आहे असं समजून.

आता नवं पत्र लिही. जुन्यावर खाडाखोड नको. आणि ते मधोमध केलेले आकडे उजवीकडे ढकल, माझ्यादेखत. ...थांब, हात थांबव! मघाशी Text to Columns करताना निवड D ची होती ना? C ला धक्का नाही ना लागला? ते एकदा चाललं असेल तर शून्यं गेली आणि सोळावा आकडाही गेला, पुन्हा Text करून परत येणार नाही. C21 वर जा. सरळ उभं राहून क्रमांक वाच, मी पासबुकाची झेरॉक्स धरतो.